दुसरीतल्या बोटांना बासरी झेपेल की कीबोर्ड?

वाद्यांच्या दुकानात सात वर्षांचं मूल कीबोर्डची एक पट्टी दाबतं आणि सूर तत्काळ येतो. तेच मूल आडवी बासरी ओठांना लावून फुंकतं, तेव्हा बहुतेक वेळा नुसती हवा सुटते. मग सोबत आलेले आईबाबा एकमेकांकडे बघतात आणि कीबोर्डचा खोका घरी येतो. कधी उलटंही घडतं. जत्रेतून आणलेली स्वस्तातली बासरी आठवडाभर घरात फिरते, तिच्यातून गाण्याजोगं काही निघत नाही आणि ‘याला संगीताची आवड नाही’ असा शिक्का मुलावर बसतो. क्लासची तीन महिन्यांची आगाऊ फी भरण्याआधी घरी एखादं छोटं वाद्य आणून बघावं, हा विचार चांगलाच आहे. पण ते वाद्य बेसूर असेल किंवा हाताच्या मापाचं नसेल, तर कसोटी मुलाची न होता वाद्याची होते, आणि निकाल मात्र मुलाच्या नावावर लागतो.

म्हणून आधी माप बघू.

मैफलीत दिसणारी लांब बासरी पाहून अनेकांना बासरी म्हणजे तेवढीच वाटते. पन्नालाल घोष यांनी शास्त्रीय संगीतासाठी सुमारे 32 इंचांची बासरी घडवली आणि खर्जाचा गंभीर नाद मैफलीत आणला. आज मंचावर सर्रास वाजते ती पांढरी तीनची बासरीही 30 इंचांच्या आसपास असते. तिच्या भोकांमधलं अंतर मोठ्या माणसाची बोटंही ताणतं. शिकाऊ मोठ्या माणसांच्या हाती बऱ्याचदा पांढरी एकची, म्हणजे साधारण 18-19 इंचांची बासरी देतात. सात वर्षांच्या मुलाला तीही मोठीच पडते. त्याच्या हाताला बसते ती पांढरी पाचची, 12 ते 13 इंचांची बासरी. दुकानात ती ‘जी मीडियम’ म्हणून मागितली की मिळते. बासरीचा सूर जितका उंच, तितकी ती आखूड आणि तिची भोकं जवळजवळ, एवढं लक्षात ठेवलं तरी दुकानात गोंधळ होत नाही. मात्र याहूनही आखूड बासरी घेऊ नये. तिचा आवाज कर्कश होतो आणि फुंकर फारच नेमकी लागते.

माप जुळलं की नाही हे बघायची एक सोपी रीत आहे. फुंकर मारूच नये. डाव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका फुंकरीच्या भोकाकडून पहिल्या तीन भोकांवर ठेवायला सांगावीत, बोटांच्या टोकांऐवजी पेरांचा मऊ भाग टेकवून. पाच-सहा सेकंद हलकेच दाबून बोटं उचलली की त्या मऊ भागावर भोकाचा ठसा उमटलेला दिसतो. ठसा पूर्ण गोल असेल तर भोक झाकलं गेलं. अर्धचंद्र दिसला तर एका बाजूने हवा निसटणार. मग उजव्या हाताच्या त्याच तीन बोटांनी खालची तीन भोकं झाकून बघावीत. बहुतेक मुलांची अनामिका इथेच कमी पडते. डाव्या हाताचे तिन्ही ठसे गोल आले तर उजव्या हाताची काळजी आत्ता करायचं कारण नाही. पहिल्या महिनाभरात त्या हाताला नुसती बासरी धरायचीच आहे. पण डाव्याचेच ठसे अर्धवट येत असतील, तर हे वर्ष बासरीचं नाही.

दुसरी तपासणी तोंडाची. वरचे समोरचे दुधाचे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पडतात आणि कायमचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात. म्हणजे दुसरीतल्या मुलाच्या तोंडात नेमकी समोरच फट असू शकते. आडव्या बासरीत हवेचा बारीक झोत ओठांनी घडवून भोकाच्या पलीकडच्या कडेवर आपटवायचा असतो. ओठांमागचा दातांचा आधार गेला की तो झोत पसरतो. दोन्ही दात एकदम पडलेले असतील तर नवे दात अर्धेअधिक वर येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं. तोवर सूर न येण्याचं कारण मुलाच्या हातात नसतं, आणि त्याला ते कळतही नाही.

आता बासरी सुरात आहे का, ते पाहायचं. जत्रेत मिळणाऱ्या अनेक बासऱ्यांना भोकं अंदाजाने पाडलेली असतात. उत्तर प्रदेशातलं पिलीभीत बासऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर आसामातल्या सिलचरकडून येणारा लांब पेरांचा पातळ बांबू वापरतात. चांगला कारागीर प्रत्येक भोक सुराला लावून थोडं थोडं मोठं करत नेतो. अशी सुरात लावलेली छोटी बासरी काही शे रुपयांत मिळते, त्यासाठी हजारो रुपये मोजावे लागत नाहीत. फोनवर ट्यूनरचं कोणतंही फुकट अॅप घ्यावं आणि दुकानदाराला किंवा वाजवता येणाऱ्या कुणाला तरी बासरी वाजवायला सांगावी. वरची तीन भोकं बंद केली की बासरीचा सा वाजतो. पांढरी पाचच्या बासरीवर तेव्हा पडद्यावर G दिसायला हवं आणि काटा मध्याच्या जवळपास हवा. मग बोटं तशीच ठेवून फुंकर थोडी जोरात मारली की तार सप्तकातला सा येतो. तिथेही G दिसलं पाहिजे आणि काटा साधारण त्याच जागी राहिला पाहिजे. खालचा सा मध्यावर आणि वरचा सा बराच सरकलेला, असं झालं तर बासरी परत ठेवावी. शेवटी सहाही भोकं बंद करून मंद्र पंचम ऐकावा. तो फुसका येत असेल तर बांबूला चीर असण्याची शक्यता असते. नळी उजेडाकडे धरून आतून बघितली की तशी चीर दिसते.

कीबोर्डच्या बाबतीत सूर बिघडायचा प्रश्नच नसतो. तिथे दुसऱ्याच गोष्टी बघाव्या लागतात. पहिली पट्टीच्या रुंदीची. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर सा ते तार सा हे अंतर साधारण साडेसोळा सेंटिमीटर असतं, आणि सात वर्षांच्या मुलाचा हात तेवढा फाकत नाही. म्हणून काही पालक मिनी पट्ट्यांचा कीबोर्ड घेतात. त्यावर हेच अंतर दोन सेंटिमीटरने किंवा त्याहूनही जास्त कमी असतं. पण पहिल्या वर्षी मुलाला सा ते तार सा एका हातात धरायचंच नसतं. त्याची पाच बोटं शेजारशेजारच्या पाच पांढऱ्या पट्ट्यांवर बसतात, सा रे ग म प. पूर्ण आकारात या पाच पट्ट्यांना मिळून पावणेबारा सेंटिमीटर जागा लागते आणि दुसरीतला हात तिथे सहज बसतो. बोटांना अंतराची सवय न बघताच लागते. मिनी पट्ट्यांवर ही सवय लागली की क्लासमधल्या मोठ्या पट्ट्यांवर बोट शेजारच्या सुरावर पडू लागतं.

मग मिनी कीबोर्ड घेऊच नये का? घ्यायला हरकत नाही, पण त्याचा उपयोग किती हे माहीत असावं. यामाहा, कॅसिओ यांचे 32, 37 किंवा 44 मिनी पट्ट्यांचे छोटे कीबोर्ड सुरात असतात, बॅटरीवर चालतात आणि सहा आठवडे मुलाचा ओढा बघायला पुरतात. क्लास नक्की झाला की ते बदलावे लागतील, एवढं गृहीत धरावं. 61 पूर्ण पट्ट्यांचा साधा कीबोर्ड दुप्पट किमतीचा असतो, पण तो पुढची दोन-तीन वर्षं चालतो आणि क्लास नाही झाला तर विकलाही जातो. त्यात बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा होण्याची सोय असली तर उत्तम, कारण तिच्यामुळे मूल हलक्या हाताने वाजवायला शिकतं. ती नसली तर हरेक सूर सारख्याच आवाजात येतो.

खेळणं कोणतं आणि वाद्य कोणतं, हे ओळखायची खूण साधी आहे. एका बोटाने सा दाबून धरावा आणि तो न सोडता दुसऱ्या हाताने प दाबावा. दोन्ही सूर एकत्र ऐकू आले तर पुढे जावं. प दाबताच सा तुटला तर ते खेळणं आहे, त्यावर प्राणी ओरडत असोत की दिवे लागत असोत. याशिवाय हेडफोनची जागा हवी आणि अडॅप्टरवर चालण्याची सोय हवी. रोज बॅटरी संपली की सराव थांबतो, आणि तो वाद्यामुळे थांबला की कंटाळ्यामुळे, हे नंतर सांगता येत नाही.

हातात दोन्ही वाद्यं आहेत असं धरून त्यांची तुलना एकाच सुरावटीवर करून पाहू. दुसरीतल्या मुलीला राष्ट्रगीत रोज शाळेत म्हणून पाठ असतं. त्याची सुरुवात सा रे ग या तीन सुरांनी होते, मग चाल गंधारावर बराच वेळ टिकते आणि लवकरच मध्यमावर जाते. कीबोर्डवर अंगठा सा वर ठेवला की तर्जनी रे वर, मधलं बोट ग वर आणि अनामिका म वर आपोआप येते. पहिल्या संध्याकाळीच सुरुवातीचे शब्द ओळखीचे ऐकू येतात. मुलगी खूश होते, आजीला बोलावून ऐकवते.

तीच चाल बासरीवर घ्यायची तर वाट वेगळी आहे. आधी सूर यायला हवा. त्यासाठी बासरीच्या क्लासमध्ये वापरण्याजोगी एक युक्ती घरीही करता येते: वरच्या तीन भोकांवर कागदी चिकटपट्टी लावायची. आता बोटांचं काम उरलं नाही. बासरी धरून फुंकली की सा च वाजणार. मुलीला फक्त ओठ आणि हवा सांभाळायची आहे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर जसा आवाज येतो, तसाच ओठ किंचित पुढे आणून हवा पलीकडच्या कडेवर सोडायची. कुणाला पहिल्याच दिवशी सूर लागतो, कुणाला आठवडा जातो. एका वेळी पाच मिनिटं पुरे. त्याहून जास्त जोर लावून फुंकलं तर श्वास भराभर बाहेर जातो आणि डोकं गरगरतं. असं झालं की बासरी खाली ठेवून बसून राहावं, थोड्या वेळात बरं वाटतं.

सा स्थिर वाजू लागला की तिसऱ्या भोकावरची पट्टी काढायची आणि तिथे मुलीने अनामिका ठेवायची. पट्टीने झाकलं असताना सूर स्वच्छ होता आणि बोट ठेवल्यावर चिरका झाला, तर दोष फुंकरीचा नाही, बोट नीट बसलेलं नाही. हा फरक कानाला लगेच कळतो आणि मुलांनाही तो शोधायला आवडतो. मग एकेक पट्टी काढत जायचं. तीन भोकं बंद असली की सा, दोन बंद असली की रे, एकच बंद असलं की ग. हे तिन्ही सूर डाव्या हाताच्या तीन बोटांचे. उजव्या हाताने बासरी नुसती पेलायची.

इथपर्यंत राष्ट्रगीताचा आरंभ जमतो. अडचण येते ती मध्यमावर. बासरीत सगळी भोकं उघडी सोडली की तीव्र मध्यम वाजतो. राष्ट्रगीतात हवा तो शुद्ध मध्यम मिळवायला पहिलं भोक अर्धंच झाकावं लागतं. मोठ्या विद्यार्थ्यालाही अर्ध्या भोकाचा सूर बसवायला वेळ लागतो. सात वर्षांच्या बोटाला तो जवळजवळ अशक्यच. मूल राष्ट्रगीत वाजवायला बसलं, मध्यमाला येऊन अडकलं आणि चिडलं, तर त्याचा अर्थ ‘बासरी जमत नाही’ असा काढू नये. चाल चुकीची निवडली गेली आहे, एवढंच.

म्हणून बासरीवर सुरुवात भूपासारख्या पाच सुरांच्या रागाने करणं फायद्याचं. भूपात सा रे ग प ध एवढेच सूर असतात. मध्यम नाही, निषादही नाही, म्हणजे अर्धं भोक कुठेच झाकावं लागत नाही. सा रे ग डाव्या हाताने येतात. खालचे ध आणि प घ्यायला पाच किंवा सहा भोकं बंद करावी लागतात, म्हणजे उजवा हात हवा. तो नंतर आला तरी चालेल. तोवर सा रे ग या तीन सुरांत बसणारी छोटी अलंकारांची वळणं पुरेशी होतात. गाण्याच्या क्लासमध्येही अनेक गुरू सुरुवातीला भूपच देतात. कीबोर्डवर मात्र कोणत्याही चालीने सुरुवात करता येते, ती त्याची मोठी सोय आहे.

या सोयीची दुसरी बाजूही बघायला हवी. कीबोर्डवर सूर तयारच असतो, त्यामुळे मुलाला तो घडवावा लागत नाही. पट्टी बरोबर दाबली की सूर बरोबर. कान लावून ऐकायचं कारण राहत नाही. बासरीवर फुंकर जराशी मंद झाली तर सूर उतरतो, जोराची झाली तर चढतो. मूल तो कानाने ऐकून ओठाने सावरायला शिकतं. शिवाय एका सुरातून दुसऱ्यात सरकत जाणारी मींड बासरीवर येते, कीबोर्डच्या पट्ट्यांवर ती मिळत नाही. पुढे मुलाला हिंदुस्थानी गायन किंवा बासरीच शिकवायची घरच्यांची इच्छा असेल, तर कीबोर्ड हा फक्त सुरांची ओळख करून देणारा मदतनीस ठरतो. मात्र पेटी शिकवायची असेल तर कीबोर्डवरची बोटं सरळ कामी येतात, फक्त दुसऱ्या हाताला भाता मारायला शिकावं लागतं.

या दोन टोकांच्या मधलं एक वाद्य आहे. रेकॉर्डर नावाची प्लॅस्टिकची उभी बासरी. तिच्या तोंडाशी शिट्टीसारखी फट असते, म्हणून फुंकल्या फुंकल्या सूर येतो आणि दात पडलेल्या तोंडालाही ती चालते. मागे अंगठ्याचं भोक असतं. पहिले तीन सूर डाव्या हाताच्या बोटांनीच वाजतात. मात्र तिची बोटांची रचना आणि फुंकर बासरीहून निराळी आहे. तिच्यातून आडवी बासरी येईल असं समजू नये. श्वास आणि बोटं एकत्र चालवायची सवय मात्र लागते. घेताना बरोक आणि जर्मन असे दोन प्रकार दिसतील. जर्मन प्रकारात सुरुवातीचा एक सूर सोपा केलेला असतो, पण पुढच्या काही सुरांत तो त्रास देतो. म्हणून शक्यतो बरोक घ्यावा.

आता सहा आठवड्यांची पाहणी. ती मे महिन्याच्या सुट्टीत करू नये. सुट्टीत नवं खेळणं आणि नवं वाद्य यांत फरक कळत नाही. शाळा, गृहपाठ आणि मैदान सुरू असताना वाद्य मुलाच्या नजरेसमोर, हात पोचेल अशा जागी ठेवावं. रोजची वेळ ठरवावी, पण ती दहा मिनिटांपलीकडे नेऊ नये. कीबोर्ड असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत त्यातला आपोआप गाणं वाजवणारा डेमो आणि तालाची बटणं बंदच राहू द्यावीत. नाहीतर मूल वाजवण्याऐवजी बटणं दाबत बसतं.

बघायचं काय? मूल किती चांगलं वाजवतं हे मुळीच नाही. चौथ्या आठवड्यात, पहिलं नवेपण ओसरल्यावर, ते न सांगता वाद्याकडे वळतं का, हे बघायचं. चुकीचा सूर लागल्यावर ते थांबून परत तिथूनच सुरू करतं का, की चूक लक्षातच न येता पुढे जातं, हेही बघायचं. परत सुरू करणाऱ्या मुलाचा कान जागा असतो आणि शिक्षकाला काम करायला हाच कान लागतो. ऐकलेली एखादी चाल, टीव्हीवरची जाहिरात असो की गणपतीतली आरती, मूल स्वतःहून वाद्यावर शोधू लागलं, तर क्लास लावायला याहून चांगलं कारण नाही.

समजा, या काळात पुढचं चित्र दिसलं. मुलगी कीबोर्डवर रोज बसते, आवडीच्या चाली शोधते, पण बासरी बाजूला पडून आहे. तपासलं तर डाव्या अनामिकेचा ठसा अजून अर्धवटच येतो. अशा वेळी कीबोर्ड किंवा पेटीचा क्लास लावावा आणि पांढरी पाचची बासरी वर्षभर जपून ठेवावी. आतून नारळाच्या किंवा मोहरीच्या तेलाचा पातळ हात फिरवून ती सुती पिशवीत ठेवली की उन्हाळ्यात चीर पडायची भीती कमी होते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात मात्र तेल लावून ती बंद डब्यात ठेवू नये, बुरशी धरते. वर्षभराने दात आलेले आणि बोटं थोडी वाढलेली असतील, तेव्हा परत ठसे बघावेत.

याउलट मूल फुंकरीतच रमलं, पट्टी लावलेला सा लांबवण्याची घरात शर्यत लावू लागलं, तर बासरीच्या शिक्षकाकडे जावं आणि पैसे भरण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. वर्गात कोणत्या पट्टीची बासरी वाजते? पांढरी एकची असेल आणि गटात शिकवत असतील, तर पांढरी पाचवर वाजवणाऱ्या मुलाचा सूर सगळ्यांशी जुळणार नाही. अशा मुलाला वेगळं बसवतात का? आणि दोन-तीन तास शिकून बघता येईल का? बासरी पुढे मोठी घ्यावी लागली तरी बोटांची रचना तीच राहते, त्यामुळे छोट्या बासरीवर शिकलेलं वाया जात नाही. आणि सहा आठवड्यांनंतर दोन्ही वाद्यांवर धूळ बसली असेल, तर कीबोर्ड विकून टाकावा किंवा ज्याच्याकडून मागून आणला त्याला परत द्यावा, आणि क्लासची फी तशीच राखून वर्षभराने परत विचारावं. आठव्या वर्षी मुलाची बोटं आणि दात वेगळे असतील, तेव्हा निकालही वेगळा लागू शकतो.